आठ बरोबर, चार चूक: वर्कशीटबद्दल पालकसभेत बोलले ते

गेल्या शनिवारी आमच्या शाळेत तिसरी ते पाचवीच्या पालकांची सभा झाली. विषय एकच होता: घरी दिल्या जाणाऱ्या वर्कशीट्स. मुख्याध्यापक म्हणून मी जे बोलले ते, ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी आठवून लिहिते आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.

नमस्कार. बसायला मुलांचेच बाक आहेत, त्यामुळे गुडघे थोडे सांभाळून बसा. दारातून आत येताना प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स आणि एक लाल पेन दिलंय. त्यावर तिसरीतल्या एका मुलाने सोडवलेल्या बारा वजाबाक्या आहेत. नाव काढून टाकलंय आणि मी माझ्या अक्षरात उतरवून काढलंय, त्यामुळे कोणाचं ते शोधत बसू नका. पाच मिनिटं घ्या आणि तपासा. शेवटी शेरा द्यायला विसरू नका.

झालं? मी बाकांमधून फिरत तुमचे शेरे वाचत होते. बहुतेकांनी ८/१२ दिलेत. कोणी ‘छान’ लिहिलंय, दोघांनी ‘लक्ष दे’ लिहिलंय, आणि एका बाबांनी ‘घाई करू नकोस’ असं लिहून खाली सहीसुद्धा केली आहे. पंधरा वर्षांपूर्वी मीही हेच लिहिलं असतं. आता ती चार चुकलेली उदाहरणं फळ्यावर लिहिते:

५२ − २७ = ३५
८१ − ४६ = ४५
७० − ३८ = ४८
४३ − १९ = ३६

पहिलं बघा. एककात २ मधून ७ जात नाहीत. मग या मुलाने काय केलं? ७ मधून २ काढले, आले ५. दशकात ५ मधून २ गेले, राहिले ३. उत्तर ३५. दुसऱ्यात ६ मधून १ काढला. तिसऱ्यात ८ मधून ० काढलं. चौथ्यात ९ मधून ३. चारही ठिकाणी अगदी एकच रीत: वर कोण, खाली कोण हे न बघता मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा.

म्हणजे हा मुलगा घाई करत नव्हता. त्याचं लक्षही होतं. तो एक नियम पाळत होता, आणि अगदी इमानदारीने पाळत होता. तो नियम त्याला दिला कोणी? आम्हीच. पहिलीत आम्ही सांगतो, ‘मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची.’ संख्येसाठी ते त्या वयात ठीक आहे. त्याने ते एकेका अंकाला लावलं.

आता उरलेली आठ बघा. ७८ − ३५, ६४ − २१, ९६ − ५४... सगळी बिनहातच्याची आहेत. तिथे वरचा अंक खालच्यापेक्षा मोठाच असतो, म्हणून त्याचा चुकीचा नियमही बरोबर उत्तर देतो. तेव्हा या कागदावरचा ८/१२ हा आकडा फसवा आहे. ‘मुलाला दोन तृतीयांश येतं’ असा त्याचा अर्थ नाही. बिनहातच्याची वजाबाकी त्याला पूर्ण येते आणि हातच्याची अजिबात येत नाही, चारात शून्य, असा त्याचा अर्थ आहे. शिवाय नेमकं काय येत नाही तेही कागद सांगतोय. डॉक्टरांना इतका स्पष्ट रिपोर्ट क्वचित मिळतो.

हे माझ्या एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. निकाराग्वा देशातल्या हजाराहून अधिक शाळकरी मुलांच्या वजाबाक्या त्यांनी तपासल्या. कितीतरी मुलांच्या चुका अशाच ठरावीक रीतीने होत होत्या. कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये जशी एखादी चुकीची ओळ राहून जाते आणि प्रोग्राम प्रत्येक वेळी तीच चूक करतो, तसं. आपल्या फळ्यावरची चूक ही त्यातली सगळ्यांत ओळखीची.

आता माझा मुद्दा. आमची जुनी पद्धत काय होती? मुलगा हातच्यात चुकतो ना, मग त्याला हातच्याची वीस उदाहरणं घरी द्यायची. सरावाने येईल. समजा, त्या दिवशी आम्ही तसं केलं असतं. हा मुलगा घरी बसला असता आणि वीसच्या वीस उदाहरणं त्याच रीतीने सोडवली असती. पंधरा मिनिटांत, एकदाही न अडखळता. तुम्हाला वाटलं असतं, वा, काय झरझर करतोय. दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला असता तेव्हा ती चुकीची रीत वीस वेळा घोटून पक्की झालेली असती. सरावाने हात बसतो. बरोबर रीतीवर बसतो की चुकीच्या, याच्याशी सरावाला देणंघेणं नसतं.

मग त्या मुलाचं आम्ही काय केलं? बाईंनी त्याला मधल्या सुट्टीनंतर जवळ बोलावलं. दहाच्या पाच खेळण्यातल्या नोटा आणि रुपयाची दोन नाणी हातात दिली आणि म्हणाल्या, ‘मला सत्तावीस रुपये दे.’ त्याने दहाच्या दोन नोटा दिल्या. मग सात रुपये द्यायचे, तर हातात नाणी दोनच. तो थांबला. बाई काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘सुटे करून द्या ना.’ एक नोट मोडली, नाणी बारा झाली, त्यातली सात दिली. उरले पंचवीस. मग त्याने आपल्या वहीतल्या ३५ कडे पाहिलं. यात आमची दहा मिनिटं गेली, आणि ही दहा मिनिटं कुठलीही वर्कशीट भरून काढू शकत नाही. त्यानंतर त्याला घरी सहा उदाहरणं दिली.

म्हणून आमचा पहिला नियम असा: वर्गात न कळलेलं घरी जाणार नाही. वर्कशीटच्या माथ्यावर एक उदाहरण पायरीपायरीने सोडवून दाखवलेलं असेल. पहिली दोन उदाहरणं मुलं वर्गातच, बाईंच्या किंवा सरांच्या नजरेखाली सोडवतील. ज्याची ती दोन चुकली, त्याची वर्कशीट त्या दिवशी घरी येणार नाही, शाळेतच राहील. तेव्हा शेजारच्या मुलाला वर्कशीट आहे आणि आपल्याला नाही, असं दिसलं तर लगेच ग्रुपवर ‘आमच्या मुलाला का दिली नाही’ म्हणून विचारू नका. आम्हाला माहीत आहे आणि आम्ही त्यावर काम करतोय, एवढाच त्याचा अर्थ.

आता उदाहरणं सहाच का? याचं अर्धं कारण मूल आहे आणि अर्धं कारण शिक्षक. आमच्या तिसरीच्या वर्गात ४२ मुलं आहेत. प्रत्येकी २० उदाहरणं म्हणजे रोज ८४० उत्तरं तपासायची. ती कशी तपासली जातात हे मी स्पष्टच सांगते, कारण मीही तशी तपासली आहेत: उत्तर जुळलं की बरोबरची खूण, नाही जुळलं की फुली, खाली तारीख आणि सही. मुलाने ३५ कुठून आणलं हे बघायला वेळच नसतो. सहा उदाहरणं म्हणजे २५२ उत्तरं. तेवढी डोळ्यांखालून घालता येतात. जे आम्ही नीट बघू शकत नाही ते आम्ही देणारच नाही, असं आम्ही स्टाफरूममध्ये ठरवलं आहे.

तपासतानाही आम्ही बेरजेचे गुण देणार नाही. बाई कागदांचे तीन गठ्ठे करतात. एकात ज्यांना जमलं ते, दुसऱ्यात एखादी किरकोळ चूक झालेले, आणि तिसऱ्यात एकच चूक पुन्हा पुन्हा करणारे. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांना दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला पुढे घेतलं जातं. वर्कशीटवर तुम्हाला आकडा दिसणार नाही, एखादी ओळ दिसेल. उदाहरणार्थ, ‘वरचा अंक लहान असेल तिथे पुन्हा बघ.’ काही पालकांना आकडा नसला की चुकल्यासारखं वाटतं, मला कल्पना आहे. पण आकडा असला की मूल ओळ वाचत नाही. तुम्हीसुद्धा मघाशी शेरा लिहिण्याआधी गुणच दिलेत.

पुढची गोष्ट जरा नीट ऐका, कारण तिच्यामुळे घरोघरी गैरसमज होणार आहेत. ही सहा उदाहरणं एकसारखी नसतील. आपल्या बाजारातल्या सराव पुस्तिकांत पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ‘हातच्याची वजाबाकी’. खाली पंचवीस उदाहरणं. मुलाला काय करायचं ते शीर्षकानेच सांगून टाकलेलं असतं. तिसऱ्या उदाहरणापासून विचार बंद, नुसता हात चालतो. आमच्या सहांत तीन हातच्याची असतील, एक बिनहातच्याचं, एक दोन आठवड्यांपूर्वी शिकवलेलं काहीतरी, म्हणजे समजा बेरीज किंवा घड्याळ, आणि एक शाब्दिक उदाहरण. वर शीर्षक नसेल.

मागच्या आठवड्यातलं शाब्दिक उदाहरण सांगते. ‘सायलीकडे ३४ बोरं आहेत. ती रोहनकडच्या बोरांपेक्षा १८ ने जास्त आहेत. तर रोहनकडे किती बोरं आहेत?’ बऱ्याच मुलांनी उत्तर लिहिलं ५२. का? ‘जास्त’ शब्द दिसला की बेरीज आणि ‘कमी’ दिसला की वजाबाकी, ही युक्ती त्यांना कुठूनतरी मिळालेली आहे, कदाचित आमच्याचकडून. रोहनकडे १६ बोरं आहेत. हीच मुलं ३४ − १८ अशी उभी मांडणी दिली की बरोबर सोडवतात. म्हणजे वजाबाकी येते, पण कुठे करायची ते कळत नाही. एकाच प्रकारच्या पंचवीस उदाहरणांच्या पानावर ही चूक कधी उघडी पडलीच नसती.

पण या मिसळीचा एक तोटा आहे, आणि तो तुम्हालाच घरी दिसेल. मूल अडखळेल. वेळ जास्त लागेल, चुका जास्त होतील. तुम्हाला वाटेल, आधीचीच पद्धत बरी होती. डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी चार वेगवेगळ्या आकारांचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एका आकाराची सगळी उदाहरणं सलग दिली, मग दुसऱ्या आकाराची. दुसऱ्या गटाला तीच उदाहरणं मिसळून दिली. सरावाच्या वेळी सलगवाल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानंतर परीक्षा घेतली, तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले होते आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. हा प्रयोग मोठ्या मुलांवरचा आहे आणि आपली मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत, हे मी विसरलेले नाही. पुढे शाळेतल्या सातवीच्या मुलांच्या गणितातही त्यांना असंच आढळलं. लहान मुलांसाठी आम्ही मिसळ सौम्य ठेवतो आणि नवा धडा सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस मिसळ करतच नाही. आधी रीत हातात यायला हवी.

आता वेळ. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात गृहपाठाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्यातून जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्यापुढे दिवसाला दोन तास. तिसरी ते पाचवीचं पुन्हा ऐका: दोन तास दिवसाचे नव्हेत, आठवड्याचे. सगळे विषय मिळून.

हे वाचल्यावर मी चौथीच्या एका वर्गाच्या एका आठवड्याच्या सगळ्या वर्कशीट्स माझ्या टेबलावर मागवल्या. गणिताच्या पाच निघाल्या, इंग्रजीच्या चार, मराठीच्या तीन, परिसर अभ्यासाच्या दोन. एकूण चौदा. एकेकीला वीस मिनिटं धरली तरी २८० मिनिटं होतात, म्हणजे चार तास चाळीस मिनिटं. मर्यादा १२० मिनिटांची. गंमत अशी की एकाही शिक्षकाने जास्त काही दिलेलं नव्हतं. ‘माझी तर रोज एकच आहे,’ असं प्रत्येकाने सांगितलं आणि ते खरंही होतं. बेरीज कोणी केलीच नव्हती. बेरीज फक्त मुलाच्या दप्तरात होत होती.

म्हणून आता स्टाफरूमच्या दारामागे एक तक्ता लावला आहे. सोमवारी गणित, मंगळवारी मराठी, बुधवारी पुन्हा गणित, गुरुवारी इंग्रजी. दिवसाला एकच वर्कशीट, वीस मिनिटांची. आठवड्याची झाली ८० मिनिटं. उरलेली ४० मिनिटं कागदाची नाहीत. त्यात वाचन आहे, आणि परिसर अभ्यासाची विचारून यायची, बघून यायची कामं आहेत. घरातलं पाणी कुठून येतं ते विचारून ये, मंडईत तीन भाज्यांचे भाव बघून ये, अशी. शुक्रवारी वर्कशीट मिळणार नाही, त्यामुळे शनिवार-रविवार मोकळे. सणाच्या सुट्टीची जाडजूड पुस्तिकाही यंदापासून बंद. ती सुट्टीच्या शेवटच्या रात्री आख्खं घर मिळून पुरं करतं, हे मला तीन वेगवेगळी अक्षरं बघून दरवर्षी कळायचं.

वीस मिनिटं कशी मोजायची? शिक्षक आधी स्वतः वर्कशीट सोडवून बघतात. आम्हाला चार-पाच मिनिटं लागली तर मुलाला साधारण पंधरा-वीस लागतात. पण काही मुलांना चाळीसही लागतील. तिथे तुमचं काम सुरू होतं, आणि ते अगदी थोडं आहे.

घड्याळ बघा. वीस मिनिटं झाली की मूल जिथे असेल तिथे खाली एक आडवी रेघ मारा, सही करा आणि दप्तर बंद करा. उरलेली उदाहरणं कोरी राहिली तरी चालतील. कोरी जागा आमच्या कामाची आहे. वीस मिनिटांत सहापैकी तीनच झाली, तर आम्हाला कळतं की काम जास्त होतं किंवा मूल कुठेतरी अडलं. रात्री साडेनऊला डोळे चोळत सहाही पूर्ण झालेली असतील तर आम्हाला काहीच कळत नाही.

खोडरबर लपवून ठेवा. हे मी गंमतीने सांगत नाही. मूल ३५ लिहितं, आई म्हणते ‘अगं बघ पुन्हा’, मूल खोडतं, आई सांगेल ते लिहितं. वर्कशीट आमच्याकडे येते तेव्हा तिथे सुबक २५ असतात. आम्ही समजतो आलं, आणि पुढच्या धड्याला लागतो. मग घटक चाचणीत तोच ३५ पुन्हा उगवतो, आणि तुम्ही येऊन विचारता, ‘घरी तर सगळं बरोबर करतो, शाळेतच कसं चुकतो?’ तेव्हा चुकलं तर एक रेघ मारून शेजारी पुन्हा लिहायचं. कच्चं काम त्याच कागदावर, समासात. तुम्ही मदत केलीत तर त्या उदाहरणाजवळ छोटासा ‘म’ काढा. मदत केली म्हणून कोणी रागावणार नाही. आम्हाला फक्त ते कोणाचं उत्तर आहे हे कळायला हवं. आणि सांगायचा मोह झालाच तर एवढंच विचारा, ‘हे कसं केलंस ते मला सांग.’ सांगता सांगता पुष्कळ मुलं स्वतःच थांबतात.

घरी तपासलेली वर्कशीट आम्हाला लगेच ओळखू येते बरं का. सगळी उत्तरं बरोबर, समास कोरा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलंच एक उदाहरण फळ्यावर दिलं की मूल खडू हातात धरून उभं. बाहेरच्या शिकवणीत सोडवून घेतलेल्या वर्कशीटचंही तसंच. शिकवणी लावायची की नाही हा तुमचा निर्णय आहे. पण आमची वर्कशीट तिथे सोडवून घेऊ नका, त्यांना त्यांचं काम करू द्या.

यानंतर पालकांचे प्रश्न झाले. एक आई म्हणाल्या, ‘मॅडम, आम्ही दोघंही रात्री आठला घरी पोचतो. आम्ही बसणार कधी?’ मी म्हटलं, बसायचं नाहीच आहे. मोठं माणूस शेजारी बसल्याशिवाय जी वर्कशीट सुटत नाही, ती वर्कशीटच चुकीची, तसं आम्हाला कळवा. तुम्ही आल्यावर रेघ आणि सही एवढंच. ज्यांच्या घरी बसायला शांत जागा नाही, अशी मुलंही आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास एक वर्ग उघडा असतो. एक शिक्षक तिथे असतात. वर्कशीट तिथेच करून ठेवून गेलं तरी चालतं. कारण विचारलं जात नाही.

एका बाबांनी सांगितलं की त्यांच्या भावाच्या मुलीला दुसऱ्या एका शाळेत रोज चार पानं असतात. त्यांच्या आवाजात तक्रार होती की आमचं मूल मागे पडेल ही भीती, ते मला नीट कळलं नाही. मी त्यांना त्यातलं एक पान घेऊन यायला सांगितलं आहे. त्यावर शिक्षकांनी कुठल्या चुकीला काय लिहिलं आहे, ते आपण दोघं मिळून बघू. नुसत्या सहीची चार पानं असतील तर तुलना सोपी होईल.

धाकटं भावंडं असलेल्यांनी पहिली-दुसरीचं विचारलं. तिथे वर्कशीट घरी येणारच नाही. घरी ताटं मोजून मांडू द्या, दुकानात सुटे पैसे मोजू द्या. तेवढं पुरे.

सभा उठता उठता मागच्या बाकावरून एक आजी उभ्या राहिल्या. नातवाला त्याच सांभाळतात. म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही ते नोट मोडायचं सांगितलंत. आमची रीत वेगळी. वर दहा, खाली एक. ती काय चुकीची आहे का?’

मी त्यांना फळ्यापाशी बोलावलं. त्यांनी ५२ − २७ मांडलं. दोनातून सात जात नाहीत, वर दहा दिले, बारातून सात गेले, पाच. मग खालच्या दोनाला एक मिळवला, तीन. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस. अगदी बरोबर. शाळेच्या रीतीत पाच दशकांतलं एक मोडतात, चार उरतात, चारातून दोन जातात, दोन. तेही पंचवीस. मग मी सगळ्यांना दाखवलं की मूल या दोन रीती एकत्र करतं तेव्हा काय होतं. शाळेत शिकवलं म्हणून वरच्या पाचाचे चार करतं, आणि आजीने सांगितलं म्हणून खालच्या दोनाचे तीन करतं. चारातून तीन गेले, एक. उत्तर १५. आजींच्या नातवाच्या मागच्या दोन वर्कशीट्सवर अशीच उत्तरं होती, बरोबर उत्तरापेक्षा नेमकी दहाने कमी. ती बघूनच आमच्या बाईंना शंका आली होती की घरी कोणीतरी प्रेमाने शिकवतंय.

आजी जरा खट्टू झाल्या. ‘मग मी गप्पच बसायचं का?’

म्हटलं, नाही. शाळेची रीत त्याची पक्की होऊ द्या, मग दिवाळीच्या सुट्टीत तुमची दाखवा. फक्त दाखवताना त्याला एक विचारा: वर दहा दिले ते ठीक, पण खाली एक का मिळवायचा?

आजी क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, ‘ते मला तरी कुठं ठाऊक? आमचे मास्तर म्हणाले मिळवायचा, म्हणून मिळवला.’ सगळी सभा हसली, त्याही हसल्या.

मी विचारलं, ‘आजी, तुमच्यात आणि तुमच्या लेकात किती वर्षांचं अंतर?’ म्हणाल्या, ‘पंचवीस.’ ‘आणखी दहा वर्षांनी किती असेल?’ ‘तेवढंच की.’ मग फळ्यावर ५२ च्या शेजारी ६२ लिहिले आणि २७ च्या शेजारी ३७. वर दिलेले दहा एककात गेले आणि खाली मिळवलेला एक दशकात गेला, म्हणजे तेही दहाच. दोघांनाही दहा दिले, अंतर तेच राहिलं.

आजी बाकावर परत गेल्या, लाल पेन उचललं आणि झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूला ८१ − ४६ मांडायला लागल्या.